सोनेरी चौकटीत सोनं किती?

पोलादपूरहून उमरठला येणाऱ्यांत बहुतेकजण तानाजी आणि शेलारमामांच्या समाधीसाठी येतात, पण एखाद्याची नजर ओटीवरून आत माजघरातल्या भिंतीकडेही जाते. या भागात मुंबईहून चाकरमान्यांनी आणलेल्या जुन्या तसबिरी अजून आहेत: रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी, सरस्वती, एखादा दत्त, आणि त्यांच्याभोवती रुंद, नक्षीदार, सोनेरी चौकटी. तसबीर पाहायला येणारा दोनपैकी एक बोलतो. एक तर ‘हा नुसता सोनेरी रंग आहे, पाचशे देतो’, नाही तर ‘शिवकालीन सोन्याचं काम आहे, पॉलिश करून घ्या, पंधरा हजार लागतील’. दोन्ही वाक्यं खोटी असू शकतात. पैसे घेण्याआधी किंवा देण्याआधी घरच्या माणसाला बॅटरी, भिंग आणि थोडा वेळ एवढ्यावर बरंच काही कळू शकतं.

एक नमुना समोर धरू. चित्र २० बाय १४ इंचांचं, म्हणजे या छापील तसबिरींचं ओळखीचं माप. चौकटीची पट्टी अडीच इंच रुंद, कोपऱ्यांवर पानांची उठावदार नक्षी, खालच्या पट्टीवर दोनतीन ठिकाणी लालसर डाग आणि एका कोपऱ्यातून पांढरा पापुद्रा सुटलेला.

आधी सोन्याचाच हिशोब करू, कारण भांडण तिथेच सुरू होतं. मुलाम्यासाठी वापरायचा सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ असतो. साधारण ८ सेंटीमीटर चौरसाच्या एका पानात सोनं भरतं सुमारे १२ मिलिग्रॅम. आपल्या चौकटीची लांबी मधोमध मोजली तर चारही बाजू मिळून दोन मीटर, आणि नक्षीचे चढउतार धरून सोनं लावायची रुंदी ९ सेंटीमीटर. पानं एकमेकांवर थोडी चढवावी लागतात, काही फाटतात, काही जागी दुसऱ्यांदा लावावी लागतात. म्हणजे चाळीसेक पानं, हात राखून पन्नास. पंचवीस पानांच्या दोन वह्या. एकूण सोनं ०.६ ग्रॅम. ग्रॅमचा भाव १२,००० रुपये धरला तर ७,२०० रुपये, आणि तेही नवीन असताना. जुन्या चौकटीवरचं निम्मं सोनं पुसण्याच्या फडक्याबरोबर केव्हाच गेलेलं असतं. तेव्हा सोनं काढून घेण्यासाठी चौकट मागणारा माणूस एक तर अडाणी आहे, नाही तर त्याच्या मनात दुसरंच काही आहे. या वस्तूची किंमत सोन्यात नाही. ती खालच्या लेपात, हाताच्या कामात आणि वयात आहे.

आता हे काम होतं कसं ते पाहू, कारण ओळखण्याच्या सगळ्या खुणा त्याच क्रमातून येतात. लाकडावर आधी पातळ सरसाचा हात. मग सरसाच्या कोमट पाण्यात खडूची बारीक पूड कालवून केलेला लेप, म्हणजे जेसो. सरस साधारण एक भाग, पाणी दहा ते बारा भाग, आणि पूड मावेल तेवढी. असे आठ-दहा हात, प्रत्येक वेळी थोडं वाळू देऊन. वरचा हात खालच्यापेक्षा कधीही जास्त चिकट असता कामा नये. असला तर वाळताना तो खालच्याला ओढतो आणि पृष्ठभाग तडकतो. लेप घासून काचेसारखा गुळगुळीत केला, की त्यावर सरसात कालवलेल्या तांबड्या किंवा पिवळ्या चिकणमातीचे तीन-चार हात. माती वाळली की तिच्यावर थोडं स्पिरिट घातलेलं पाणी ओढायचं आणि त्या ओल्या जागेवर वर्ख सोडायचा. पाण्याने मातीतला सरस क्षणभर जागा होतो आणि वर्ख धरून ठेवतो. काही तासांनी, माती नेमकी अर्धवट ओली असताना, अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचं. खालची माती दबते, वर्ख तिच्यात बसतो आणि धातूच्या पत्र्याची चमक येते. याला पाण्यावरचा मुलामा म्हणतात. तेलावरच्या मुलाम्यात माती आणि पाणी यांच्या जागी चिकट जवस तेलाचा थर असतो. सोनं खरंच असतं, पण ते घोटता येत नाही, म्हणून चमक मंद राहते. एकाच चौकटीत दोन्ही सापडतात: उठावाच्या कडा पाण्यावर घोटलेल्या आणि मधली पट्टी तेलावरची मंद.

सोनेरी रंग म्हणजे पितळेची, तांबं-जस्ताची, बारीक पूड वॉर्निशमध्ये कालवलेली. डबीला काही शंभर रुपये पडतात. दुपारी उघडली की संध्याकाळपर्यंत चौकट ‘नवी’ होते.

फरक पाहायला खोलीतला दिवा मालवून बॅटरी बाजूने, जवळजवळ भिंतीला टेकवून धरा. घोटलेलं सोनं एका कोनातून काळपट दिसतं आणि बॅटरी थोडी हलवली की एकदम पेटतं. त्यात तुमच्या शर्टाचा रंगही उतरतो. पितळी रंग कुठूनही पाहिला तरी सारखाच मिणमिणतो, कारण प्रत्येक कण वेगळ्या दिशेने तोंड करून बसलेला असतो. भिंगाखाली तो वाळूसारखा रवाळ दिसतो. सोन्याला रवा नसतो.

दुसरी खूण म्हणजे पानांचे सांधे. वर्खाची पानं एकमेकांवर चढलेली असतात तिथे एक बारीक, किंचित गडद रेघ दिसते. पट्टीवर साधारण ८ सेंटीमीटरच्या अंतराने अशा रेघा येत गेल्या तर तो सोन्याचा वर्ख. अंतर १४ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर पितळेचा वर्ख, कारण त्याची पानं मोठी येतात. पितळेचा वर्ख वॉर्निशखाली ठीक राहतो, पण वॉर्निश फुटलं तिथे तपकिरी आणि हिरवट ठिपके पडतात. सोनं कधीच हिरवं होत नाही. रेघा मुळीच नसतील आणि खोलगट जागी रंगाचे ओघळ साचलेले दिसले तर बहुधा डबीतला रंग.

खरं सोनं आणि डबीतला रंग यांच्या मध्ये आणखी एक जात आहे, आणि बाजारात तीच सगळ्यांना फसवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपात, विशेषतः जर्मनीत, चौकटीच्या पट्ट्या कारखान्यात लांबच्या लांब तयार होत. त्यांच्यावर बहुतेकदा चांदीचा वर्ख लावून वर पिवळ्या लाखेचं वॉर्निश फिरवत. दिसायला सोनं, पण ओरखडा पडला की आत पांढरा धातू दिसतो, आणि जिथे हवा पोचली तिथे काळे डाग. अशी चौकट सोन्याची नाही, पण बनावटही नाही. ती तिच्या काळातली प्रामाणिक स्वस्त वस्तू आहे. तिचं मोठं दुखणं असं की स्पिरिटच्या बोळ्याने पुसली की लाख विरघळते आणि चौकट चंदेरी होऊन बसते. मग ‘आतून चांदी निघाली’ म्हणून विकणारा खूश होतो आणि वस्तू संपते.

आता खुणा नमुन्याला लावू. खालच्या पट्टीवरचे लालसर डाग उठावाच्या माथ्यावर आहेत, म्हणजे पुसणाऱ्याचा हात रोज जिथून जातो तिथे. सोनं झिजलं, तांबडी माती उघडी पडली, आणि जिथे आणखी झिजलं तिथे पांढरा जेसो. वर सोनं, खाली माती, त्याखाली खडू: पाण्यावरच्या मुलाम्याची ही साखळी झिजेत दिसते. वरच्या पट्टीच्या मागच्या कडेला, जिथे फडकं पोचत नाही, तिथे सोनं शाबूत असायला हवं. उलट झीज चारही बाजूंना सारखी असेल, खोलगट जागीही असेल आणि लालसर रंग प्लास्टिकसारखा चकाकत असेल, तर ती मुद्दाम घासून केलेली आहे. खोबणीतलं काळं पाहा. देवापुढच्या समईची आणि उदबत्तीची काजळी खालून वर चढते. ती पट्ट्यांच्या खालच्या तोंडाला जास्त बसते. चुलीचा धूर असलेल्या घरात ती तेलकट आणि दाट असते. जुनी दाखवण्यासाठी मारलेली काळी पॉलिश मात्र सगळ्या खोबणींत सारखी, ब्रशच्या दिशेने भरलेली दिसते. तरी एक लक्षात ठेवा, आपल्याकडचा धूर दहा वर्षांतही चौकट शंभर वर्षांची दाखवू शकतो. काळेपणावरून वय ठरवू नका.

पाण्याच्या चाचणीबद्दल सगळेच सांगतात. ओल्या कापसाचा बोळा चौकटीच्या अशा जागी फिरवायचा जी आधीच खराब आहे आणि चित्राच्या बाजूने दिसत नाही. आमच्या नमुन्यात काचेच्या खाचेजवळची आतली कड. दोनतीन वेळा फिरवल्यावर बोळ्यावर पिवळसर-तांबडा रंग आला तर पाण्यावरचा मुलामा असण्याची शक्यता मोठी. काहीच आलं नाही तर निकाल लागत नाही, कारण तेलावरचं सोनं, वॉर्निश असलेली चांदी आणि डबीतला रंग, तिघांनाही पाणी लागत नाही. एवढं असूनही ही चाचणी वस्तूचा एक तुकडा खाते. माझ्या मते ती पहिली नको, शेवटची असावी. सोनाराकडच्या अ‍ॅसिडची चाचणी तर चौकटीवर कधीच नको. त्यापेक्षा आधीच गळून पडलेला पापुद्रा कागदात बांधून ज्या सराफाकडे क्ष-किरणांचं कॅरटमीटर असेल त्याच्याकडे न्या. ते यंत्र सोनं आहे की तांबं-जस्त एवढं सांगू शकतं. वर्ख इतका पातळ असतो की त्यावर आलेला कॅरटचा आकडा मात्र खरा मानू नये.

आणि मग तो प्रश्न येतो जो या भागात जवळजवळ प्रत्येक चौकटीला लागू पडतो: वर रंग आहे, पण खाली काय? गणपतीच्या आधी घराला चुना, दाराला रंग आणि तसबिरीला सोनेरी डबी, ही पद्धत कित्येक घरांत आहे. खऱ्या सोन्यावर पितळी रंगाचे दोन-चार थर सहज सापडतात. पुढून पाहिलं की ‘रंग’ दिसतो आणि पाचशे रुपयांचा भाव त्यावरूनच ठरतो. तसबीर उतरवा, मागचे खिळे हलकेच काढून काच आणि चित्र बाजूला ठेवा आणि काच बसते त्या खाचेची कड पाहा. रंगाचा ब्रश तिथे सहसा पोचत नाही. तिथे रेघा दिसल्या, खाली तांबडी माती दिसली, तर तुमच्या हातात मूळ सोनं आहे.

वय मात्र पुढून ठरत नाही. चौकट पालथी घाला.

आधी चित्राचं वय आणि चौकटीचं वय वेगळं करा. रविवर्मा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तळाच्या छापील ओळीवरून चित्राबद्दल काही कळतं, चौकटीबद्दल नाही. चित्र जुनं आणि चौकट नवी, किंवा चौकट जुनी आणि तीत नंतर बसवलेलं चित्र, दोन्ही नेहमी घडतं. खाचेत चित्राच्या कडेभोवती एकच मळाची सीमारेषा असेल तर जोडी जुनी आहे. दोन रेषा असतील, किंवा चित्राला बसवण्यासाठी खाच मागाहून खोल केलेली असेल आणि ताजं लाकूड दिसत असेल, तर लग्न नंतर लागलंय.

मग खिळे. एकसारखे गोल तारेचे खिळे १८८०-९० नंतर सर्वत्र आले; त्याआधीचे चौकोनी, कापलेले किंवा ठोकून केलेले. कोपऱ्यांत मागून ठोकलेल्या इंग्रजी व्ही आकाराच्या धातूच्या पट्ट्या असतील तर चौकट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या यंत्रावर जोडलेली आहे. स्क्रूच्या डोक्यावर अधिकची खूण असेल तर १९३० च्या आधीचा नाही. पण खिळा बदलता येतो, म्हणून त्याच्या भोवतीचं लाकूड पाहा. जुना खिळा आपल्याभोवती काळा गंजाचा डाग सोडतो. स्वच्छ भोकात बसलेला गंजका खिळा हा पाहुणा असतो.

लाकडावर करवतीच्या खुणा असतात. हाताच्या करवतीच्या रेघा सरळ पण वेड्यावाकड्या अंतराच्या, गोल करवतीच्या वर्तुळाच्या कमानीसारख्या. कमानी दिसल्या तर एकोणिसाव्या शतकाच्या आधीची गोष्ट सोडून द्या. कोणी ‘शिवकालीन’ म्हणालाच, तर त्याला ही कमान आणि तारेचा खिळा दाखवावा. १६७० ला सिंहगड घेतला तेव्हा दोन्हींपैकी एकही नव्हतं.

पाठीला हार्डबोर्ड असेल तर ती पाठ विसाव्या शतकातली, चौकट कशीही असो. जुन्या चौकटीला पातळ फळ्या असतात आणि त्यांच्या फटींवर कागद चिकटवलेला. तो कागद फाडू नका. बहुतेकदा ते वर्तमानपत्र असतं, आणि जी तारीख वाचता येते त्याच्या आधी ती पाठ शेवटची बंद केलेली नाही. फ्रेमवाल्याची चिठ्ठी मिळाली तर सोनंच सापडलं समजा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. किमतीत ‘न.पै.’ असेल तर १९५७ नंतरची, आणे असतील तर बहुधा त्याआधीची. पट्टीवर इंग्रजीत ‘जर्मनीत बनवलेलं’ असा शिक्का असेल तर बहुधा १८८७ नंतरची, कारण ब्रिटिश कायद्याने तो उल्लेख तेव्हा सक्तीचा झाला.

काचेत बारीक बुडबुडे आणि लाटा दिसल्या तर ती जुनी. सपाट काच करण्याची आजची पद्धत १९५९ नंतरची. काच बदललेली असणं साधं आहे, त्यावर भाव पाडू देऊ नका.

कोपरा पाहणं राहिलं, आणि तो सगळ्यात बोलका. चौकट आधी जोडून मग तिच्यावर जेसो आणि सोनं चढवलं असेल तर लेप कोपऱ्यावरून सलग जातो आणि जिथे लाकूड हललं तिथे तो तडकतो. तयार पट्टी कापून जोडली असेल तर सोन्यातूनच ४५ अंशांची सरळ चीर गेलेली असते आणि नक्षी अर्ध्यावर तुटते. पहिली पद्धत महागडी, दुसरी कारखान्याची. लाकूड सुकताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जुनी चौकट सुकली की कोपऱ्याचा सांधा आतल्या बाजूने उघडतो. पावसात तीच फट मिटते. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तो सरला की कोरडी हवा, म्हणजे हे दरवर्षी चालतं आणि प्रत्येक वेळी लेप थोडा अधिक सुटतो. फटीत पिढ्यांची धूळ असेल तर ती वयाची खूण. फट आत स्वच्छ पिवळी असेल तर सांधा नुकताच उघडला आहे. सांधा मिटवण्यासाठी फेव्हिकॉल ओतू नका. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड तिथे न फाटता दुसरीकडे फाटेल.

उठावदार नक्षीही पाहून घ्या. ती कोरीव लाकूड असतेच असं नाही. खडू, सरस, राळ आणि जवस तेल यांच्या मिश्रणाची पोळी साच्यात दाबून केलेली नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सर्रास आहे. तिच्यात पट्टीच्या लांबीला आडव्या, जवळजवळ समान अंतरावरच्या तड्या पडतात. अशा तड्या बिघाड वाटल्या तरी मूळपणाची साक्ष आहेत. चारही कोपऱ्यांवरचं पान तंतोतंत सारखं असेल तर साचा, थोडं वेगळं असेल तर कोरीव.

आपल्या नमुन्याला मागे तारेचे खिळे, फळीवर जुनं वर्तमानपत्र, कोपऱ्यात सोन्यातून गेलेली चीर आणि ८ सेंटीमीटरच्या रेघा. म्हणजे खरं सोनं, पण तयार पट्टी. साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली. शिवकालीन नाही आणि पाचशेचीही नाही.

आता पैसे. मुंबईत जीर्णोद्धाराचं काम करणारे थोडेच आहेत आणि त्यांचे दर वेगवेगळे, म्हणून मी दिवसांत हिशोब देतो. तुम्हाला मिळालेल्या दरानं गुणा. दिवसाचे २,००० रुपये हे फक्त उदाहरणापुरतं धरलंय.

सुटलेले पापुद्रे सरसाने जागी बसवणं आणि नुसता मळ काढणं: दीड-दोन दिवस, म्हणजे तीन ते चार हजार. माझं मत विचाराल तर उमरठच्या घरातल्या बहुतेक चौकटींना एवढंच हवं असतं. तुटलेलं एक पान शाबूत पानावरून साचा घेऊन पुन्हा करणं आणि तेवढ्यापुरतं सोनं लावणं: आणखी दोन-तीन दिवस आणि काही वर्ख. पितळी रंगाचे थर सोन्याला न दुखवता उतरवणं हे सर्वात महाग काम आहे. चाकूने आणि द्रावणाने भिंगाखाली दिवसाला फार तर वीतभर सरकतं. दोन मीटरला आठ-दहा दिवस लागतील, म्हणजे सोळा ते वीस हजार. आणि संपूर्ण नवा मुलामा, लेपासकट: कामाचे सहा दिवस, मध्ये वाळायला दोन आठवडे, वर सोन्याचे ७,२०० आणि वर्ख ठोकणाऱ्याची घडणावळ. तेही वीस हजाराच्या आसपासच जातं.

या दोन आकड्यांत फसवणुकीची जागा आहे. रंग उतरवण्याचे पैसे घेऊन प्रत्यक्षात चौकट पाण्याच्या टबात बुडवली तर सरस विरघळतो आणि रंग, सोनं, माती, जेसो सगळं एका रात्रीत गळून पडतं. मग स्वस्तात पितळी वर्ख लावला की काम झालं. लाकूड जुनं राहतं, वय जातं. म्हणून काम द्यायच्या आधी खाचेच्या कडेचा आणि झिजलेल्या जागांचा जवळून फोटो काढा, आणि पावतीत चार गोष्टी लिहून घ्या: मूळ सोनं आणि लेप काढायचा नाही, कोणता वर्ख वापरणार, किती पानं, आणि नवीन काम कुठे केलं त्याचा नकाशा. काम परत आल्यावर त्या झिजलेल्या जागा तिथेच दिसायला हव्यात. सगळी चौकट एकसारखी झळकत असेल तर तुम्ही दुसऱ्याच वस्तूचे पैसे दिलेत. पावसाळ्यात हे काम देऊ नका. लेप वाळत नाही आणि सरसाला बुरशी धरते.

पुराचा वेगळा विचार करावा लागतो. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये पाणी घरांत शिरलं तेव्हा ज्या चौकटी बुडाल्या त्यांच्यात डबीचा रंग मारलेल्या चांगल्या टिकल्या असणार आणि खऱ्या सोन्याच्या गळल्या असणार. सरसाला पाणी सहन होत नाही. पाणी चढलेल्या चौकटीवर खालून काही इंचांवर आडवी फिकट रेघ आणि तिच्याखाली गेलेला लेप दिसला तर ती खूणही भाव ठरवताना सांगावी लागते. भिजलेली चौकट उभी ठेवू नका. तोंड वर करून सपाट फळीवर, सावलीत, वारा खेळेल अशी ठेवा. चिखल पुसू नका, उन्हात टाकू नका, पंखा थेट लावू नका. गळालेले तुकडे पट्टीच्या बाजूप्रमाणे वेगळ्या पाकिटांत, वर ‘डावी’, ‘खालची’ असं लिहून. लाकूड पूर्ण सुकायला आठवडे लागतात. तोवर कोणी सरस ओतायला आला तर त्याला परत पाठवा.

परदेशातल्या मुलीला पाठवायची असेल तर एक कायदा आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तितकी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. विकणारा एका तोंडाने ‘दीडशे वर्षांची’ म्हणत असेल आणि दुसऱ्या तोंडाने ‘कुरिअरने पाठवून देतो’ म्हणत असेल, तर दोन्हींपैकी एक वाक्य त्याच्याकडून लेखी मागा.